फोटोवरून जलरंगाचा परिणाम, फिल्टर न लावता, थरावर थर देऊन: कसा करावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचा फोनवर काढलेला एक फोटो आहे, ४००० × ३००० पिक्सेलचा. ऊन डावीकडून येतंय, पायऱ्या अर्ध्या उन्हात आणि अर्ध्या सावलीत. मागे देवळाचं शिखर, त्यामागे झाडं, खाली कृष्णेचं संथ पाणी. आकाश जवळजवळ पांढरं आलंय.

याचं जलरंगासारखं दिसणारं चित्र गिम्पमध्ये (२.१०) करायचं आहे, ए-४ आकारात छापून भिंतीवर लावण्यासाठी. तयार फिल्टर लावून पाहिले, पण चित्र जलरंगासारखं न दिसता फोटोवर तेल ओतल्यासारखं दिसतं. म्हणून थर स्वतः रचायचे आहेत. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वॉश कोणत्या क्रमाने आणि किती गडद द्यायचे? कागदाचा पोत खरा कसा वाटेल? आणि कडा कुठे मऊ ठेवायच्या, कुठे नाही?

सॅमी_७७

इतका खटाटोप कशाला? फोटोशॉपमध्ये `Filter Gallery` उघडा, `Artistic` खाली `Watercolor` आहे. `Brush Detail` १४, `Shadow Intensity` शून्य, `Texture` १. लेयरची प्रत काढून दोनदा लावा, वर कॅनव्हासचं टेक्स्चर `Multiply` करा. पाच मिनिटांत काम.

पाणीदार

सॅमी, `Shadow Intensity` शून्यावर ठेवायचं हे बरोबर सांगितलंत, पण तो फिल्टर शून्यावरही सावल्या काळ्या करतो. दगडी घाटाच्या फोटोत ते लगेच दिसतं, पायऱ्यांच्या खाचा काजळ घातल्यासारख्या होतात. शिवाय फिल्टर सगळ्या चित्राला एकच वागणूक देतो. आकाश, दगड, पान, पाणी, सगळीकडे तेवढाच ठिपका आणि तेवढीच कड. जलरंगात कुठे पाणी होतं आणि कुठे कागद कोरडा होता हे डोळ्यांना कळत असतं, आणि तो फरकच इथे पुसला जातो. कॅनव्हासचं टेक्स्चर तर नकोच. कॅनव्हासला विणीचे आडवे-उभे धागे असतात, जलरंगाच्या कागदाला नसतात.

कृष्णाकाठ, सविस्तर संध्याकाळी लिहितो.

कोरा कागद

घाटाचा विषय जलरंगाला फार छान आहे. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस कागद घ्या. त्याहून पातळ असेल तर आधी भिजवून पाटावर चारही बाजूंनी डिंकपट्टीने ताणून घ्या, नाहीतर पहिल्याच वॉशला लाटा येतात. फोटोवरून रेखाटन हलक्या एचबी पेन्सिलने करा, खोडरबर कमी वापरा. तो कागदाचा वरचा थर उचलतो आणि मग तिथे रंग डाग पाडतो.

आधी सगळ्यात फिकट, मोठा वॉश: कागद ओला करून आकाशाकडून खाली, उन्हातल्या पायऱ्या कोऱ्या सोडून. पूर्ण वाळू द्या. हाताची पाठ लावून पाहा, कागद गार लागला तर अजून आत ओल आहे. मग मधल्या गडदपणाचे आकार कोरड्या कागदावर, आणि शेवटी पायऱ्यांच्या खाचा, शिखरावरच्या कोनाड्यांचा अंधार, झाडांच्या बुंध्यांमधली पोकळी. पांढरा रंग डबीतच राहू दे. पांढरं म्हणजे कागद.

कृष्णाकाठ

@कोरा कागद, मनापासून आभार, पण मी संगणकावर करायचं म्हणतोय. खरे रंग नाहीत, गिम्प.

कोरा कागद

अरे हो, 'गिम्प' वाचलंच नाही. असो, क्रम तोच राहील ना?

पाणीदार

क्रम तोच, आणि कोरा कागद यांनी शेवटी जे लिहिलंय ते पहिलं सूत्र: पांढरं म्हणजे कागद. आता गिम्पमध्ये ते कसं बसतं ते मेणवलीच्या फोटोवरच लिहितो.

आधी माप. ए-४ आडवा, ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ × २४८० पिक्सेल. फोटो लहान करून २८०० × २१०० करा आणि मधोमध ठेवा, भोवती पांढरा कागद सुटतो. हे आकडे लक्षात ठेवा, कारण या मापात १ मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. पुढे कड किती रुंद आणि कागदाचा दाणा किती मोठा हे सगळं यावरून ठरतं. आधी मोठ्या फोटोवर सगळं करून शेवटी लहान केलं, तर कडा आणि पोत दोन्ही आक्रसून नाहीसे होतात.

सगळ्यात खाली पांढरा लेयर. त्यावर फोटोच्या तीन प्रती, तिघींचा मोड `Multiply`. म्हणजे प्रत्येक थर खालच्याला फक्त गडद करू शकतो, उजळ करू शकत नाही. पारदर्शक रंग असाच वागतो.

पहिली प्रत: `Median Blur`, रेडियस ३०, त्यावर `Gaussian Blur` १५. बारीक तपशील सगळे जातात, फक्त रंगाचे मोठे पट्टे उरतात. मग `Levels` मध्ये खालच्या `Output` पट्टीचं काळं टोक १८० वर आणा.

दुसरी प्रत: `Median Blur` १२. `Levels` मध्ये `Input` चं पांढरं टोक १६० वर, `Output` चं काळं टोक ११० वर. आता १६० पेक्षा उजळ जे काही होतं ते शुद्ध पांढरं झालं, म्हणजे तिथे दुसरा वॉश लागलाच नाही.

तिसरी प्रत: `Median Blur` ४. `Input` चं पांढरं टोक ८० वर, `Output` चं काळं टोक ८० वर. यात फक्त खाचा, कोनाडे, बुंध्यांमधला अंधार उरतो. चित्राच्या दहाव्या भागापेक्षा जास्त भरलं असेल तर `Input` चं टोक आणखी खाली घ्या.

`Output` चं काळं टोक वर का आणायचं, तर `Multiply` मध्ये गुणाकार होतो. फोटोत सावलीतला दगड ४५ असेल आणि तिन्ही प्रती जशाच्या तशा ठेवल्या, तर ४५/२५५ चा तीनदा गुणाकार होऊन जवळपास १ उरतो, ठार काळा. वर दिले तसे आकडे ठेवले तर तोच दगड साधारण ८० वर थांबतो. फोटोत अगदी शून्य असलेला काळाही १८०, ११० आणि ८० मिळून २४ च्या आसपास येतो. कागदावर तीन वॉश दिल्यावर याहून काळं सहसा होतही नाही. एकेक थर वेगळा पाहाल तेव्हा फारच फिका वाटेल. वाटू दे, हात लावू नका.

शेवटी तिन्ही लेयरना काळा मास्क द्या (`Add Layer Mask`, `Black`). चित्र पूर्ण पांढरं होईल. आता पांढऱ्या ब्रशने मास्कवर रंगवत एकेक वॉश 'लावायचा'. हाताचं काम खरं तर इथूनच सुरू होतं.

अनुस्वार

मास्क काळा करून मग पुन्हा पांढऱ्याने रंगवायचं, तर मुळात मास्कच का? सरळ खोडरबर चालवलं तर?

पाणीदार

खोडलेलं परत आणता येत नाही, हे एक. आणि कडेचं सगळं काम मास्कवरच होणार आहे. रंग एका जागी आणि आकार दुसऱ्या जागी असे वेगळे राहिले, तरच ते काम हाती राहतं.

मंजिरी_पुणे

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आजीचा नऊवारीतला जुना कृष्णधवल फोटो स्कॅन केलाय. त्यालाही हेच तीन थर चालतील का? आणि रंग कुठून आणायचा?

सॅमी_७७

ठीक, फिल्टर सोडला. पण मऊ कडा म्हणजे शेवटी ब्लरच ना? तिसरा थर सोडून बाकी दोन्हींना `Gaussian Blur` २० दिला की झालं.

पाणीदार

अर्धं बरोबर. ब्लरच वापरायचा, पण कशावर ते महत्त्वाचं. लेयरवर दिलात तर शेजारचे रंग एकमेकांत मिसळतात. उन्हातल्या पिवळसर पायरीत मागच्या झाडाचा हिरवा शिरतो आणि सीमेवर मळकट झालर दिसते. मास्कवर दिलात तर रंग तोच राहतो, फक्त विरळ होत जातो. ओल्या कागदावर रंग पसरताना असंच होतं.

पण नुसता मास्क ब्लर केला तरी कड फार गुळगुळीत येते. आधी मास्कवर `Filters > Noise > Spread`, आडवं-उभं २० पिक्सेल, मग `Gaussian Blur` ८ ते १०. कड थोडी विस्कटते आणि मग मऊ होते. पाण्याकाठच्या एखाद-दोन जागी `Smudge` टूलने मास्कच ओढा. सगळीकडे ओढू नका.

कडक कडेसाठी उलटं. दुसऱ्या वॉशचा आकार `Free Select` ने काढा, मग `Select > Distort` चालवा. निवडीची सरळ रेघ हाताने काढल्यासारखी हलते. मग मास्कवर पांढरं भरा.

कोरा कागद

आता कडेचा मुद्दा निघालाच आहे तर एक भर घालतो. कोरड्या कागदावरच्या वॉशची कड नुसती कडक नसते, ती आतल्या भागापेक्षा गडद असते. पाणी कडेला आधी वाळतं, मग आतलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना रंगाचे कण बरोबर नेतं. चहाच्या कपाखाली उमटणारं वर्तुळ याच कारणाने बनतं. ही गडद रेघ नसेल तर चित्र कितीही नाजूक असलं तरी पोस्टर कलरचं वाटेल.

दगडफूल

कोरा कागद यांनी सांगितलेल्या या ओढीचा खुलासा शिकागोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये केला होता. योगायोग म्हणजे त्याच वर्षी सिग्राफ परिषदेत संगणकावर जलरंग बनवण्याचा एक प्रसिद्ध निबंध आला. त्यात वरचं पाणी, कागदावर बसणारा रंग आणि कागदाच्या आत झिरपणारी ओल असे तीन थर वेगवेगळे मोजले होते. तिथेही कडेचा गडदपणा वेगळा हाताळावा लागला.

कृष्णाकाठ

मग ही गडद कड गिम्पमध्ये हाताने कशी द्यायची? प्रत्येक आकाराभोवती ब्रश फिरवायचा का?

पाणीदार

ब्रश नको, रेघ ओढल्यासारखी दिसेल. दुसऱ्या वॉशच्या मास्कवर उजवी टिचकी, `Mask to Selection`. वर नवा पारदर्शक लेयर घ्या, `Multiply`. त्या वॉशमधलाच रंग पिकरने उचलून निवडीत भरा. आता `Select > Shrink` ५ पिक्सेल, `Select > Feather` ६ पिक्सेल, आणि डिलीट. आतला भाग उडतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरची कड उरते, बाहेरून ठाशीव आणि आत विरत जाणारी. अपारदर्शकता २५ ते ३५ टक्के.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. मऊ खोडरबराने ती कड अर्ध्याहून जास्त पुसा. कुठे पुसायची? जिथे एक ओला रंग दुसऱ्या ओल्याला भेटला असता तिथे. मेणवलीच्या चित्रात शिखराच्या उन्हाकडच्या बाजूला ठेवा, पायऱ्यांच्या सावलीच्या वरच्या कडेला ठेवा. झाडांच्या आकाशाकडच्या कडेला तुकड्यातुकड्यांत, आणि सावली पाण्यात उतरते तिथे अजिबात नको. सगळीकडे एकसारखी ठेवलीत तर रंगवण्याच्या पुस्तकातली बाह्यरेषा वाटेल.

पहिल्या वॉशला ही कड देऊ नका. तो ओल्या कागदावरचा.

अनुस्वार

थोडं अवांतर. मेणवलीच्या घाटावरच्या छोट्या देवळात ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आणलेली. फोटोत येत असेल तर नक्की घ्या.

कृष्णाकाठ

येते, पण अगदी लहान आणि सावलीत. तिसऱ्या वॉशचा एक ठिपका एवढीच.

दगडफूल

तेवढीच ठेवा. तिच्यावर तपशील काढलात तर नजर शिखर सोडून तिकडे जाईल.

आता पाणीदारांशी माझा एक मतभेद. तिन्ही वॉशमध्ये फोटोचाच रंग वापरला तर चित्र फोटोपासून सुटत नाही. फोनचा कॅमेरा एका झाडात शेकडो हिरवे देतो. जलरंग करणारा तीन-चार नळ्यांतून सगळं मिसळतो, म्हणून झाडाच्या सावलीत आणि दगडाच्या सावलीत तोच निळा असतो आणि चित्र एकत्र बांधलं जातं. मी म्हणेन, प्रतींचा उपयोग फक्त आकार काढायला करा. प्रत्येक प्रत `Desaturate` करून उलटी करा, तोच मास्क, आणि लेयरमध्ये स्वतः निवडलेला रंग भरा. अल्ट्रामरीनसारखा निळा, बर्न्ट सिएनासारखा तांबूस, एक मातकट पिवळा. बास. मी तर हे क्रितामध्ये करतो, फोटो नुसता बाजूला ठेवून.

पाणीदार

बाजूला ठेवून केलं तर ते चित्र झालं, उत्तमच. पण कृष्णाकाठ यांना फोटोतून परिणाम काढायचा आहे. सपाट रंग भरले तर दगडावर शेवाळाचा हिरवट आणि उन्हाचा पिवळसर असे जे आपोआप बदल मिळतात ते सगळे हाताने घालावे लागतील. मी मधला मार्ग घेतो: पहिल्या वॉशला फोटोचा रंग, संपृक्तता साधारण ०.७ पर्यंत उतरवून. दुसऱ्याला अर्धा-अर्धा. तिसऱ्याला मात्र तुमच्यासारखा एकच निळा-तांबूस काळपट.

दगडफूल

तिसऱ्यावर एकमत. पहिल्यावर नाही.

कोरा कागद

पांढरं सोडण्याबद्दल लिहिताना हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवलं, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे ते. बोटांतून झिरपणारा दिव्याचा उजेड आणि भोवतीचा अंधार यांच्यामध्ये कड सापडत नाही. तैलरंग समजून बोलणारे पुष्कळ भेटतात, पण ते जलरंगातलं आहे. गडदपणा थरांनी किती खोल नेता येतो ते तिथे पाहावं.

छापखाना

छपाईचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. चित्र कशावर छापणार त्यावर पोत ठरवा. गुळगुळीत फोटो पेपरवर छापणार असाल तर पोत चित्रात हवा. दाणेदार आर्ट पेपरवर छापणार असाल तर चित्रातला पोत पूर्ण बंद करा. नाहीतर एक खरा दाणा, एक खोटा, आणि दोन्हींच्या सावल्या वेगवेगळ्या दिशेला.

सॅमी_७७

मग साधा जलरंगाचा कागदच घरच्या इंकजेटमध्ये घातला तर? ३०० जीएसएम जाईल?

छापखाना

जाणं-न जाणं प्रिंटरवर आहे. मागून सरळ कागद घेणाऱ्यात शक्यता जास्त, समोरच्या ट्रेमधून वळवून घेणाऱ्यात अडकतो. पण मोठी अडचण पुढे आहे. त्या कागदावर इंकजेटसाठीचं कोटिंग नसतं. डाय शाई आत झिरपते, रंग फिके पडतात आणि तिसऱ्या वॉशच्या खाचा पसरतात. इंकजेटसाठी कोटिंग केलेला दाणेदार आर्ट पेपर मिळतो, तो घ्या.

कोरा कागद

पिगमेंट शाई असेल तर साध्या कागदावरही बरी छपाई येते असं पाहिलंय. थोडी फिकी, पण जलरंगाला तो फिकेपणा शोभतो.

छापखाना

फिकेपणा शोभेल, पण तो आधी कळत नाही, त्यामुळे `Levels` चे सगळे आकडे वाया. एका कोपऱ्याची लहान चाचणी छापून मगच ठरवा.

कृष्णाकाठ

मी गुळगुळीत मॅट पेपरवर छापणार आहे. म्हणजे पोत चित्रात घ्यायचा. नेटवरून एक टेक्स्चर उतरवून वर `Multiply` केलं, पण सगळं चित्र करडं झालं आणि पोत वरून चिकटवल्यासारखा दिसतो.

पाणीदार

करडं झालं कारण `Multiply` मध्ये कागदाचा स्वतःचा राखाडीपणाही गुणला गेला. पोतासाठी `Grain Merge` वापरा. त्यात मधला करडा, म्हणजे १२८, काहीच बदल करत नाही. त्याहून उजळ ते उजळतं, गडद ते गडद होतं. `Colors > Info > Histogram` मध्ये पोताचा `Mean` पाहा, १२८ च्या आसपास नसेल तर `Levels` मधल्या मधल्या काट्याने आणा.

टेक्स्चर नेटवरून घेण्यापेक्षा कोल्ड प्रेस कागदाचा कोरा तुकडा फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयने स्कॅन करा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो म्हणून दाण्याच्या सावल्या मिळतात, आणि दाणा छपाईच्या मापातच येतो. उतरवलेल्या टेक्स्चरमध्ये दाणा बहुतेकदा फार मोठा असतो. ए-४ चित्रावर चार-पाच मिलिमीटरचे दाणे दिसले की कागद न वाटता भिंतीचा गिलावा वाटतो. तुमच्या चित्रात सावल्या डावीकडून येणाऱ्या उन्हाच्या आहेत, तेव्हा पोत फिरवून दाण्याचाही उजेड डावीकडून येईल असा ठेवा.

आता 'चिकटवल्यासारखा' का वाटतो. पोत सगळ्यावर सारखा पसरलाय. खऱ्या कागदावर रंगाचे कण खळग्यांत साठतात आणि उंचवट्यावर कमी राहतात, म्हणजे पोत रंगाच्या आतच असतो. त्यासाठी दुसरा वॉश एका लेयर ग्रुपमध्ये घाला. ग्रुपचा मोड `Multiply`, आतल्या लेयरचा `Normal`, नाहीतर ग्रुप खालचं सगळं झाकून टाकेल. ग्रुपला मास्क द्या आणि त्यात स्कॅनची उलटी प्रत चिकटवा. उलटी केल्याने खळगे पांढरे होतात, तिथे रंग पूर्ण लागतो. मात्र मास्कचं काळं टोक `Output` मध्ये १५० वर आणा. म्हणजे उंचवट्यावरही सुमारे साठ टक्के रंग राहील. शून्यावर सोडलंत तर सगळीकडे पांढऱ्या पुटकुळ्या दिसतील.

वरचा `Grain Merge` चा थर मग अगदी हलका, १५ ते २० टक्के, फक्त कोऱ्या जागी कागद जाणवण्यापुरता.

कोरा कागद

हे झकास सांगितलंत. फक्त सगळ्या रंगांना तो दाणा देऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना खळग्यांत बसतात, थॅलोसारखे बारीक कणांचे निळे-हिरवे सपाट वाळतात. म्हणून दगड आणि सावल्या दाणेदार, झाडांचा ताजा हिरवा जवळपास सपाट. आणि कोरड्या कुंचल्याचा फटकारा याच्या बरोबर उलट असतो. तिथे रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे पांढरे राहतात.

पाणीदार

बरोबर, म्हणजे कोरड्या कुंचल्यासाठी स्कॅन उलटा न करता `Threshold` लावून तोच मास्क घ्यायचा. पाण्यावरच्या आडव्या चमकेच्या दोन-तीन रेघांच्या टोकांना आणि पायऱ्यांच्या उन्हातल्या कडेला तो द्या. जास्त जागी दिलात तर खडूचं चित्र वाटेल.

@मंजिरी, कृष्णधवल फोटोला पहिले दोनच थर घ्या. रंगासाठी `Colors > Map > Gradient Map`, गडद टोकाला तांबूस तपकिरी, उजळ टोकाला पांढरा. चेहऱ्यावर कडक कड फक्त डोळे, नाकपुडीखालची सावली आणि ओठांची मधली रेघ एवढ्याला. नऊवारीचा खालचा भाग पहिल्या वॉशमध्येच विरू द्या, काठ पूर्ण काढू नका.

मंजिरी_पुणे

नथीचे मोती अगदी लहान आहेत. `Median` मध्ये उडून जातात.

पाणीदार

तेवढ्या जागी दोन्ही मास्क काळे ठेवा, कागद पांढरा राहील. भोवती दुसऱ्या वॉशचा बारीक ठिपका दिला की मोती दिसतो.

कृष्णाकाठ

पहिलं चित्र टाकलंय, पाहून सांगा. दगड आणि शिखर मनासारखं आलंय. तीन गोष्टी खटकतात. झाडं प्लॅस्टिकची वाटतात. आकाशाची चौकट दिसते, चारी बाजू सरळ कापल्यासारख्या. आणि पाण्यातलं प्रतिबिंब आरशासारखं स्पष्ट आहे.

दगडफूल

झाडांबद्दल मी म्हटलंच होतं! फोटोचा हिरवा. संपृक्तता उतरवून भागत नाही, रंगच पिवळट-मातकटाकडे वळवा. सावलीच्या बाजूला दगडाच्या सावलीतला निळा भरा.

पाणीदार

इथे दगडफूल यांचं ऐका. झाडांना फोटोचा रंग खरंच नको. शिवाय तुम्ही झाडांना तिसरा वॉश पानापानांवर दिलाय. तो फक्त बुंध्यांजवळ ठेवा, वरचे शेंडे पहिल्या आणि दुसऱ्या वॉशवर सोडा.

चौकट दिसते कारण मोठ्या ब्रशने पहिला मास्क थेट टोकापर्यंत भरला गेलाय. तिथे मास्कवर काळ्या ब्रशने वॉश आतच संपवा, वर आकाशात मऊ आणि डावीकडे कोरड्या कुंचल्यासारखा खरखरीत. आकाशाला फार थोडा वॉश पुरे, शिखराच्या उजव्या बाजूला फिकट निळसर आणि बाकी कागद.

प्रतिबिंबाला दुसरा वॉश खालच्या दिशेने ओढा. त्या भागाच्या मास्कवर `Linear Motion Blur`, कोन ९०, लांबी ६० पिक्सेल. तिसरा वॉश पाण्यात पूर्ण बंद. घाट पाण्याला टेकतो ती आडवी रेघ मात्र ठाम राहू द्या, नाहीतर घाट तरंगेल.

सॅमी_७७

मी पण करून पाहतोय. पाणी परत चढून फुलकोबीसारखे डाग पडतात ना, ते आकाशात घालायचे आहेत. `Solid Noise` वरून करता येतील?

पाणीदार

नॉइझने डागाचा आकार मिळतो, पण सगळ्या बाजूंनी सारखा. खरा डाग एका बाजूने धारदार दातेरी असतो आणि आत फिकट. पहिल्या वॉशच्या मास्कवर करड्याने एक अनियमित आकार भरा, `Distort` जोरात चालवा, आणि वर कडेसाठी जी `Shrink`ची कृती सांगितली तीच तिथे बाहेरच्या बाजूने करा. म्हणजे `Shrink`च्या जागी `Grow`, आणि आतला मूळ आकार डिलीट.

कोरा कागद

दात इतके नियमित येत नाहीत पण. पाणी जिकडून आलं तिकडे सपाट आणि पुढे बोटं फुटलेली असतात. `Distort` सगळीकडे सारखेच दात पाडेल असं वाटतं.

दगडफूल

तेच म्हणतो. खऱ्या कागदावर चार-पाच डाग पाडून, वाळवून, पोतासारखेच स्कॅन करून मास्कमध्ये घ्यावेत.

सॅमी_७७

स्कॅन केलेल्या डागाची कड आणि आपण काढलेली कड शेजारी शेजारी वेगळी नाही दिसणार?

पाणीदार

दिसू शकते. दोन्ही एकाच चित्रात घालून ए-४ वर छापल्याशिवाय मला सांगता येणार नाही. छापलंत तर इथे टाका.